‘क्लायंटचं काम आलं’ याच्यापुढे काय लिहायचं?

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीच्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत ट्रेनिंग सांभाळणाऱ्या माणसाचा इनबॉक्स उघडून पाहा. सक्तीची कार्यशाळा झाली की दुसऱ्या दिवशी त्यात आठ-दहा मेल येऊन पडलेले असतात, आणि त्यांतले बहुतेक एकाच वाक्याचे असतात: “क्लायंटच्या अत्यंत तातडीच्या कामामुळे कालच्या प्रशिक्षणाला उपस्थित राहता आलं नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहे, कृपया समजून घ्यावे.” मेल इंग्रजीत असतो, पण मजकूर हाच. लिहिणारा खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे खरोखरच काम आलेलं असतं. तरी या मेलचं काय करायचं हे वाचणाऱ्याला कळत नाही, कारण त्याला जे हवं असतं त्यातलं काहीच त्यात नसतं.

त्याला काय हवं असतं हे समजायचं तर कार्यशाळा सक्तीची का असते, इथून सुरुवात करावी लागते. कंपनीला हौस असते म्हणून सगळीच प्रशिक्षणं सक्तीची होत नाहीत. काहींच्या मागे कायदा असतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने मालकावर कार्यशाळा घेण्याची जबाबदारी टाकली आहे आणि वर्षभरात किती घेतल्या हे वार्षिक अहवालात लिहावं लागतं. काहींच्या मागे आयएसओ 27001 सारखं प्रमाणपत्र असतं. माहितीच्या सुरक्षेचं ते मानक कर्मचाऱ्यांच्या क्षमतेचा लेखी पुरावा मागतं. आणि काहींच्या मागे खुद्द क्लायंट असतो. आज ज्या उदाहरणाबद्दल बोलायचं आहे, ते या शेवटच्या प्रकारातलं आहे, कारण गुंता सर्वांत जास्त तिथेच होतो.

जी कंपनी कार्डाने होणाऱ्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर लिहिते, तिला पीसीआय डीएसएस नावाचं मानक पाळावं लागतं. ते मानक ज्या परिषदेकडे आहे ती व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्स्प्रेस, डिस्कव्हर आणि जेसीबी या कार्ड कंपन्यांनी 2006 मध्ये स्थापन केली. सरकारी कायदा नसला तरी क्लायंटच्या करारात ते लिहिलेलं असतं, म्हणजे पुण्यात बसून अमेरिकेतल्या एखाद्या पेमेंट कंपनीचं काम करणाऱ्यालाही ते लागू होतं. त्यात एक कलम असं आहे की, असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षित कोड कसा लिहायचा याचं प्रशिक्षण किमान दर बारा महिन्यांनी एकदा मिळालं पाहिजे. बारा महिने म्हणजे ‘साधारण वर्षभरात’ असं तिथे चालत नाही. मानकाने त्याची व्याख्या केली आहे: 365 दिवसांत, लीप वर्ष असेल तर 366 दिवसांत, किंवा दर वर्षी त्याच तारखेला.

आता एक उदाहरण मांडू. पुण्यातल्या एका कंपनीत एक डेव्हलपर मुलगी आहे, कार्ड पेमेंटच्या टीममध्ये. तिचं मागचं प्रशिक्षण गेल्या वर्षी 21 नोव्हेंबरला झालं. यंदाची कार्यशाळा शुक्रवारी, 14 नोव्हेंबरला, सकाळी दहा ते दीड. त्यानंतरची तुकडी थेट 9 जानेवारीला. कंपनीचा नियम असा की साडेतीन तासांपैकी 80 टक्के वेळ हजर असेल तरच हजेरी लागते, म्हणजे 168 मिनिटं. दहा बेचाळीसनंतर आत येणाऱ्याची गैरहजेरीच.

शुक्रवारी सकाळी सात चाळीसला तिचा फोन वाजतो. व्यापाऱ्यांना दिवसभराचे पैसे वळते करण्यासाठी जी फाइल रोज बँकेकडे जाते, ती बँकेने नाकारली आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारची रात्र आहे, नऊ वाजून दहा मिनिटं. फाइल मध्यरात्रीच्या आत गेली नाही, तर हजारो दुकानदारांचे पैसे एक दिवस लांबणार. त्यांची मध्यरात्र म्हणजे आपली सकाळ, साडेदहा. फाइल बनवणारा भाग नीट माहीत असलेली टीममध्ये दोनच माणसं. दुसरा बहिणीच्या लग्नाला सांगलीला गेलेला, कारण तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू झालेले. टीम लीड फोनवर म्हणतो, “अगं, तू ट्रेनिंग सोड, मी बोलतो एचआरशी.” ती लॅपटॉप उघडते. दहा वीसला दुरुस्त फाइल जाते, बँकेची पोच येते, मग सगळे आकडे जुळल्याची खात्री करून सव्वाबाराला क्लायंटबरोबरचा कॉल बंद होतो.

इथपर्यंत तिने जे केलं ते बरोबरच होतं. कुठल्याही शहाण्या कंपनीत यावर वाद होणार नाही. वाद होतात ते यानंतर काय लिहिलं जातं किंवा लिहिलं जात नाही यावरून.

पहिली अडचण टीम लीडच्या त्या वाक्यात आहे. ‘मी बोलतो एचआरशी’ हे वाक्य आपल्याकडच्या ऑफिसांत रोज दहादा म्हटलं जातं आणि बोलणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. पण दुपारपर्यंत त्याच्यापुढे दुसरी तीन कामं येतात आणि बोलायचं राहून जातं. दोन-तीन आठवड्यांनी अनुपस्थितांची यादी लाल अक्षरांत डिलिव्हरी हेडकडे जाते, त्यात मुलीचं नाव असतं, आणि तोवर त्या सकाळी कोणी काय सांगितलं हे कोणालाच नेमकं आठवत नाही. म्हणून परवानगी तोंडी मिळाली की लगेच एका ओळीचा मेसेज टाकून ठेवायचा: “तू म्हणालास त्याप्रमाणे आजची कार्यशाळा सोडून फाइलचं काम घेते आहे, ट्रेनिंग टीमला कळवते.” यात अविश्वास नाही. वेळ आणि परवानगी दोन्ही नोंदले जातात, एवढंच. तो मेसेज ट्रेनिंगच्या माणसाला पुढे पाठवला की आठ पाचलाच त्यालाही कळलेलं असतं. कार्यशाळा सुरू होण्याआधी कळवलेली अनुपस्थिती आणि नंतर कळवलेली अनुपस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून पाहिल्या जातात, आणि ते योग्यच आहे. आधी कळलं तर रिकाम्या जागेवर प्रतीक्षा यादीतला माणूस बसवता येतो.

दुसरी अडचण ‘तातडी’ची. कोणाच्या मते तातडी? ज्याच्या हाती काम असतं त्याला ते नेहमीच तातडीचं वाटतं. वाचणाऱ्याला पटायला दोन गोष्टी कळाव्या लागतात: काम थांबलं असतं तर कोणत्या वेळेला काय बिघडलं असतं, आणि ते दुसऱ्या कोणाला का देता आलं नाही. आपल्या उदाहरणात दोन्हींची उत्तरं एकेका वाक्यात बसतात, साडेदहाची मुदत आणि सांगलीला गेलेला सहकारी. मेलमध्ये ‘अत्यंत’, ‘अपरिहार्य’, ‘नाइलाजास्तव’ असे शब्द वाढत गेले की ही दोन वाक्यं सहसा त्यात नसतात, असा माझा अनुभव आहे.

इथेच एक खोच आहे. प्रत्येक आपत्ती ऐन वेळी येत नाही. समजा, सकाळचा बिघाड नसता आणि 14 तारखेला ठरलेलं रिलीज असतं, तर ती तारीख तीन आठवडे आधीपासून सगळ्यांच्या कॅलेंडरवर असती. कार्यशाळेचं निमंत्रण आलं तेव्हाच टक्कर दिसत होती. अशा वेळी नंतर पाठवलेला खुलासा कितीही नीट लिहिलेला असला तरी लंगडाच पडतो, कारण वाचणारा पहिला प्रश्न हाच विचारणार की तेव्हाच तुकडी बदलून का नाही मागितली. ओळखायची खूण सोपी आहे: निमंत्रण स्वीकारलं त्या दिवशी हे काम आपल्याला माहीत होतं का? होतं, तर लिहायला हवी होती ती तुकडी बदलण्याची विनंती, आणि ती तेव्हाच.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. कार्यशाळा ऑनलाइन असेल तर मोह होतो. लिंकवर जायचं, कॅमेरा बंद, आवाज बंद, आणि दुसऱ्या खिडकीत क्लायंटचं काम. हजेरीही लागते, फाइलही जाते. हे सर्रास चालतं, आणि सगळ्यांत महाग पडतं तेही हेच. प्रशिक्षणाच्या प्रणालीत कोण कधी आला-गेला याची वेळ पडते, मधल्या प्रश्नांना कोणी उत्तर दिलं आणि कोणी नाही हेही दिसतं. दुसरीकडे क्लायंटबरोबरच्या कॉलचीही नोंद असते आणि त्यात याच मुलीचं बोलणं दहा ते सव्वाबारा असं अखंड असतं. एरवी या दोन नोंदी कोणी शेजारी ठेवून बघत नाही. पण बिघाड मोठा असेल तर त्याचा पूर्ण अहवाल बनतो, आणि मग त्या शेजारी येतात. कारण असलेली गैरहजेरी ही माफ होणारी गोष्ट आहे. खोटी हजेरी म्हणजे नोंद बनवणं, आणि त्याची चौकशी वेगळ्या टेबलावर होते.

आता प्रत्यक्ष लिहायचं काय? कॉल संपल्यावर, त्याच दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास तिने लिहिलेला मेल साधारण असा असावा:

“आज 14 नोव्हेंबरच्या सुरक्षित कोडिंग कार्यशाळेला मी हजर राहू शकले नाही. सकाळी 7.40 ला पहिल्या प्राधान्याचा बिघाड आला (नोंद क्रमांक सोबत दिला आहे). काम भारतीय वेळेनुसार 10.30 च्या आत पूर्ण होणं गरजेचं होतं. हा भाग पाहणारे माझे सहकारी रजेवर आहेत. टीम लीडशी बोलून 8.05 ला आपल्याला कळवलं होतं. काम 12.15 ला संपलं. तेव्हा 75 मिनिटं उरली होती, पण 80 टक्के हजेरी होणं शक्य नसल्यामुळे मी मध्येच आले नाही. माझं मागचं प्रशिक्षण 21 नोव्हेंबरचं आहे, त्यामुळे जानेवारीच्या तुकडीपर्यंत थांबल्यास बारा महिन्यांची मुदत उलटेल. 20 तारखेपर्यंत दुसऱ्या केंद्राची किंवा ऑनलाइन तुकडी असल्यास त्यात माझं नाव घ्यावं. त्या दिवशी माझी ऑन-कॉल जबाबदारी दुसऱ्याकडे देण्याबद्दल टीम लीडशी बोलले आहे. ते या मेलमध्ये आहेतच.”

यात दिलगिरीचा एक शब्दही नाही. हवा असेल तर शेवटी घालावा, बिघडत काही नाही. पण माफी पहिल्या ओळीत आली की पुढचं सगळं गुन्ह्याच्या कबुलीसारखं वाचलं जातं, आणि इथे गुन्हा झालेला नाही.

सव्वाबारा ते दीड या वेळेबद्दलचं वाक्य बारकाईने पाहा. बहुतेक जण ते गाळतात. वाटतं, काम सकाळी होतं हे सांगितलं, पुरे झालं. पण बिघाडाच्या नोंदीत कॉल बंद झाल्याची वेळ असते आणि ट्रेनिंगचा माणूस ती उघडून पाहू शकतो. त्याला दिसतं की कार्यशाळा संपायला सव्वा तास होता, मग ही कुठे होती? उत्तर अगदी साधं आहे, पण ते आपण दिलं नाही तर तो स्वतःच काहीतरी गृहीत धरतो. ज्या वेळेचा हिशेब आपण देत नाही, तिथेच संशय शिरतो.

बिघाडाचा फक्त नोंद क्रमांक दिला आहे, हेही मुद्दाम. हौशी लोक पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडतात. क्लायंटचं नाव, फाइलमधल्या ओळी, कधी कधी अख्खा कार्ड नंबर, मधले आकडे न झाकता. असा मेल ट्रेनिंग, एचआर, लीड, मॅनेजर अशा चार-पाच जणांना जातो, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ती माहिती पाहण्याचा अधिकारच नसतो. पीसीआयच्या मानकात कार्ड नंबर उघडा ठेवून साध्या मेलने पाठवणं हा उघड नियमभंग आहे. सुरक्षिततेच्या कार्यशाळेला का आलो नाही हे सांगता सांगता सुरक्षिततेचाच नियम मोडल्याचे प्रसंग घडतात. नोंद क्रमांक पुरतो. ज्याला अधिकार आहे तो तो उघडून बघेल, ज्याला नाही त्याला बघायची गरजही नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा भाग मात्र मेलच्या उत्तरार्धात आहे, तारखांचा. पुष्कळ लोकांचा समज असा असतो की खुलासा मान्य झाला की विषय मिटला. मुलीपुरता तो मिटतो. तिच्यावर कोणी ठपका ठेवत नाही. पण मानकाच्या दृष्टीने तिचं प्रशिक्षण झालेलं नाही ते नाहीच, आणि 21 नोव्हेंबर उलटली की कंपनीच्या नोंदीत एक भोक पडतं. वर्षातून एकदा तपासनीस येतो. तो काही दोनशे जणांच्या फाइली वाचत बसत नाही. टीमच्या यादीतून काही नावं स्वतः निवडतो आणि त्या प्रत्येकाच्या मागच्या नि या वेळच्या प्रशिक्षणाच्या तारखा मागतो. त्या मुलीचं नाव निघालं आणि पुढे 9 जानेवारी दिसली, तर बारा महिने होऊन सात आठवडे झालेले असतात. तिथे ‘क्लायंटचं काम होतं’ हे उत्तर फारच केविलवाणं वाटतं, कारण ते प्रशिक्षण मागणारा क्लायंटच असतो. त्याच्याच तातडीसाठी त्याचीच अट मोडली, असं त्याला सांगावं लागतं. काही क्लायंट हसून सोडून देतील. काही जण ‘दुरुस्तीची योजना लेखी द्या’ म्हणतील, आणि मग एका चुकलेल्या सकाळीमुळे तीन माणसं आठवडाभर कागद तयार करत बसतात.

म्हणून खुलाशातला ‘का आले नाही’ हा भाग चार ओळींत आटोपला तरी चालतो. ‘आता कधी’ हा भाग तारखेनिशी हवा. आणि आपली मुदत आपणच शोधून लिहायची. ट्रेनिंगच्या माणसाकडे शेकडो जणांची यादी असते, एखाद्याची मुदत नेमकी याच आठवड्यात संपते आहे हे त्याच्या नजरेतून निसटू शकतं. प्रशिक्षणाच्या पोर्टलवर आपल्या नावापुढे मागची तारीख दिसते, ती पाहायला दोन मिनिटं लागतात. मुदतीला अजून चार महिने असतील तर जानेवारीची तुकडी निवांत चालेल, आणि मग एवढी धावपळ करण्याचं कारणही नाही.

दुसऱ्या बाजूने, ट्रेनिंगच्या लोकांचंही एक चुकतं. खुलासा आला की ते ‘नोंद घेतली’ असं उत्तर पाठवून मोकळे होतात आणि पुढची तुकडी आपोआप जी येईल ती येईल. खुलासा घेणाऱ्यानेही त्याच उत्तरात तारीख द्यायला हवी, आणि त्या दिवशी माणूस मोकळा राहील याची हमी त्याच्या वरिष्ठांकडून घ्यायला हवी. एकाच माणसाचा असा दुसरा, तिसरा खुलासा आला, तर तो त्या माणसाचा प्रश्न राहत नाही. ऑन-कॉलची पाळी लावणाऱ्याने कार्यशाळांचं वेळापत्रक पाहिलेलं नाही, किंवा एका नाजूक भागाचं ज्ञान दोनच डोक्यांत ठेवलं आहे, असा त्याचा अर्थ असतो. तेव्हा खुलासा डेव्हलपरकडून नव्हे, तिच्या मॅनेजरकडून मागावा. हे फार थोड्या ठिकाणी होतं.

आपल्या उदाहरणातल्या मुलीला उत्तर आलं ते असं धरू: 19 तारखेला नागपूरच्या केंद्राची तुकडी आहे, ऑनलाइन बसता येईल, शेवटी वीस प्रश्नांची चाचणी द्यावी लागेल. बुधवार आहे, वेळ तीच, दहा ते दीड. सांगलीचा सहकारी मंगळवारी परत येतो आहे. बुधवारी सकाळी सात ते दुपारी दोन फोन त्याच्याकडे, असं टीम लीडने पाळीच्या तक्त्यात लिहून टाकलं आणि क्लायंटकडच्या माणसालाही मंगळवारीच तो नंबर कळवला, म्हणजे बुधवारी पुन्हा फाइल अडली तर फोन चुकीच्या घरी वाजायला नको.